वीज जोडणी बंद केली, सुरक्षा ठेव ७,२०० अपेक्षित होती, हातात १,१५० येताहेत. हिशेब कोणी समजावेल का?

खडूफळा

मंडळी, शिकवणी वर्गासाठी घेतलेली जागा गेल्या नोव्हेंबरात सोडली. जागा भाड्याची, पण वीज जोडणी पहिल्यापासून माझ्या नावावर होती. व्यावसायिक दराची, दर महिन्याला बिल येणारी. मीटर ३० नोव्हेंबर २०२४ ला काढून नेला, त्याचा अहवाल माझ्याकडे आहे.

ठेवीचं असं आहे. आधीपासून ३,००० रुपये जमा होते. मे २०२४ मध्ये ४,२०० रुपयांचं अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं बिल आलं. तेवढे पैसे १ जूनला भरले, पावती आहे. म्हणजे एकूण ७,२००. आता उपविभागात ठेव परत मागायला गेलो तर तिथल्या बाईंनी पडद्यावर पाहून सांगितलं, "तुमची ठेव ३,०००. अंतिम बिल १,८५०. परतावा १,१५०." ४,२०० चं विचारलं तर म्हणाल्या, इथे दिसत नाही.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ४,२०० हा आकडा मुळात आला कुठून? तो भरल्यावर गेला कुठे? आणि एवढी वर्षं पैसे त्यांच्याकडे होते, त्यावर व्याज मिळतं असं ऐकलंय, ते कुठे आहे?

पक्का_हिशेबी

सर, आता उशीर झाला, पण इतरांसाठी लिहून ठेवतो. जागा सोडायची असेल तर शेवटची दोन बिलं भरायचीच नाहीत. ठेव दोन महिन्यांच्या बिलाएवढी असते, ती त्यात वळती होते. परत मागायला खेटे घालायची वेळच येत नाही. मी स्वतः गाळा सोडताना असंच केलं आणि काही अडचण आली नाही.

दादरकर

आमच्या इमारतीतही हेच झालंय. ताबा घेताना बिल्डरने प्रत्येक सदनिकेमागे मीटर डिपॉझिट म्हणून घसघशीत रक्कम घेतली. आता वीज बिलावर पाहतो तर ठेव जेमतेम हजार-बाराशे. उरलेले पैसे वीज कंपनीने द्यायला हवेत की नाही?

लेखाजोखा

खडूफळा सर, वीज बिलांच्या लेखा विभागात बरीच वर्षं काम केलंय, आता निवृत्त आहे. तुमचे प्रश्न एकेक करून घेऊ. आधी आकडा कुठून आला ते.

महाराष्ट्रात हे सगळं राज्य वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेप्रमाणे चालतं. २००५ च्या जुन्या संहितेत मासिक बिलाच्या ग्राहकाची ठेव साधारण एका महिन्याच्या सरासरी बिलाएवढी असायची. २०२१ मध्ये नवी संहिता आली आणि ती सरासरीच्या दुप्पट झाली. २०२२ च्या उन्हाळ्यात घरोघरी अतिरिक्त ठेवीची बिलं येऊन पडली आणि लोक चिडले, ते याचमुळे.

दुप्पट का, याला कारण आहे. तुम्ही महिनाभर वीज वापरता, मग रीडिंग होऊन बिल निघतं. ते भरायला पंधरा-वीस दिवस मिळतात. नाही भरलं तर लगेच तार तोडता येत नाही, वीज कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे आधी पूर्ण पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. तोवर मीटर फिरतच असतो. म्हणजे न भरणाऱ्या माणसाची जोडणी तुटेपर्यंत जवळपास दोन महिन्यांची वीज उधारीवर गेलेली असते. ठेव आहे ती त्या उधारीपोटी.

सरासरी काढतात ती मागच्या बारा महिन्यांच्या बिलांची, आणि हा हिशेब वर्षातून एकदा होतो. आर्थिक वर्ष संपलं की एप्रिल-मेमध्ये फरकाचं बिल येतं. तुमच्याकडे एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ ची बिलं असतील तर त्यांची बेरीज करून इथे टाका. फक्त एक काळजी घ्या. बेरजेत त्या-त्या महिन्याचं चालू बिलच धरा. मागची थकबाकी पुढच्या बिलात पुन्हा छापलेली असते, ती धरली तर तीच रक्कम दोनदा मोजली जाईल.

दादरकर, तुमचा विषय निराळा आहे. बिल्डरने घेतलेल्या पैशात मीटरची जागा, केबल, पॅनल, कधी रोहित्राचा वाटा, असं काय काय असतं. त्यातला वीज कंपनीकडे ठेव म्हणून जमा झालेला भाग तेवढाच बिलावर दिसतो. उरलेल्याचा हिशेब बिल्डरकडे मागायचा, वीज कंपनीकडे नाही.

खडूफळा

बेरीज केली. बारा महिन्यांची चालू बिलं मिळून ४३,२००.

लेखाजोखा

मग आकडा बरोबर आहे. ४३,२०० भागिले बारा म्हणजे महिन्याला ३,६००. त्याची दुप्पट ७,२००. जमा होते ३,०००, फरक ४,२००. मागणीत चूक नव्हती.

मे महिन्यात एकदम मोठा आकडा पाहून अनेकांना वाटतं की उन्हाळ्यातलं चढं बिल धरून ठेव वाढवली. तसं नसतं, वर्षाची सरासरी असते. मात्र उलटं अनेकदा घडतं. एखाद्या महिन्यात रीडिंग चुकून भलतंच बिल आलं, पुढे ते दुरुस्त झालं, पण सरासरीत ते चुकीचं बिल तसंच राहिलं. त्यामुळे बारा बिलांची बेरीज करून पाहायची सवय चांगली.

पक्का_हिशेबी, तुमचं अर्धं खरं आहे. शेवटी ठेव थकबाकीत वळती होते हे बरोबर. पण ती वळती होते कायमस्वरूपी खंडित झाल्यावर, खातं बंद करताना. जोडणी चालू असताना बिल भरलं नाही तर यंत्रणेच्या लेखी ती साधी थकबाकी असते. विलंब आकार लागतो, पुढे व्याज लागतं, नोटीस निघते. ठेव आहे म्हणून कोणी थांबत नाही. तुम्ही मीटर काढायचा अर्ज दिला असेल आणि तो लवकर निघाला असेल, म्हणून निभावलं. ज्याचा मीटर महिना-दोन महिने लटकत राहतो त्याची ठेव स्थिर आकारातच खर्ची पडते. वापर शून्य असला तरी तो दर महिन्याला चढतोच.

पक्का_हिशेबी

विलंब आकार लागला असेल, मान्य. पण तो सव्वा टक्का. परतावा मिळवायला जो वेळ जातो त्यापेक्षा ते स्वस्त पडतं असं माझं मत अजूनही आहे. छोट्या रकमेसाठी तरी.

सरूमावशी

लेखाजोखा भाऊ, माझं जरा बघता का? जुना फ्लॅट विकत घेतला, बिल माझ्या नावावर करून घेतलं. नंतर बिलावर "सुरक्षा ठेव जमा" पुढे शून्य दिसायला लागलं आणि अख्ख्या ठेवीचं नवीन बिल आलं. आधीच्या मालकांची ठेव होती ना, ती कुठे गेली? बिलं तर मी एकही चुकवलेलं नाही.

लेखाजोखा

मावशी, नाव बदलताना आधीच्या मालकाचं संमतीपत्र जोडलं होतं का? त्यात ठेवीबद्दल काय लिहिलंय ते पाहा. ठेव ज्याने भरली त्याची, असं कायदा मानतो. त्यांनी "ठेवीसह हस्तांतर" असं लिहून दिलं असेल तर ती तुमच्या नावे पुढे चालू राहायला हवी होती. काहीच लिहिलेलं नसेल, किंवा त्यांनी स्वतः अर्ज करून ती उचलली असेल, तर तुमच्या नावे शून्य दिसणं चूक नाही. विक्रीच्या करारातही अनेकदा वीज, पाणी आणि सोसायटीच्या ठेवी खरेदीदाराला दिल्याचं एक वाक्य असतं. ते सापडलं तर त्याची प्रत लावून अर्ज द्या.

सरूमावशी

करारात आहे तसं वाक्य! आताच काढून बघितलं. "सदर मिळकतीच्या सर्व ठेवींसह" असं लिहिलंय.

लेखाजोखा

मग छान. सोबत जुन्या मालकांच्या नावाचं एखादं जुनं बिल जोडा, ज्यावर ठेवीची रक्कम छापलेली आहे. ते नसेल तर निदान जुना ग्राहक क्रमांक हवा. नाव बदलताना बहुतेक वेळा क्रमांक तोच राहतो.

खडूफळा सर, आता तुमचे ४,२००. त्या १ जूनच्या पावतीवर कसला भरणा लिहिलाय ते शब्दशः सांगाल का? आणि जून, जुलैची बिलं काढा. त्यांत चालू बिल किती आणि निव्वळ देय किती, हे दोन आकडे हवेत.

शिवारातला

सर, मध्येच विचारतो. आमचा कृषिपंप, बिल तीन महिन्यांनी येतं. आम्हालाही दुप्पट का? दुप्पट म्हणजे सहा महिन्यांचं झालं, एवढी ठेव कोण भरणार?

लेखाजोखा

नाही दादा, तुम्हाला दुप्पट नाही. त्रैमासिक बिल असेल तिथे सरासरी त्रैमासिक बिलाच्या दीडपट. एक पूर्ण तिमाही आणि त्यापुढे भरण्याची मुदत, नोटीस वगैरे मिळून दीड महिना, असा तो अंदाज आहे. शिवाय अतिरिक्त ठेव एकदम भरायला जड जात असेल तर हप्ते मागता येतात. २०२२ मध्ये सहा मासिक हप्त्यांची सोय दिली होती. पण लेखी मागा. नुसतं तोंडी बोलून निघालात तर यंत्रणेत पूर्ण रक्कम थकीत दिसत राहते.

शिवारातला

बरं. धन्यवाद. पंपाच्या जुन्या थकबाकीत ठेव परस्पर वळती करतात का?

लेखाजोखा

जोडणी चालू असेल तर एरवी नाही. कायमची बंद झाली तर आधी थकबाकी वजा होणार आणि उरलं तरच हातात येणार.

खडूफळा

पावती काढली. तिच्यावर ग्राहक क्रमांक, रक्कम ४,२००, आणि "वीज बिल भरणा" असं छापलंय. ठेव हा शब्द कुठेच नाही. मी भरणा केंद्रात अतिरिक्त ठेवीचा कागदच दाखवला होता, तिथल्या मुलाने क्रमांक टाकून पैसे घेतले.

जूनचं बिल: चालू बिल ३,४८०, निव्वळ देय उणे ७२०.
जुलैचं बिल: चालू बिल २,९६०, निव्वळ देय २,२४०.

वर्गाची बिलं आमच्या कार्यालयातला मदतनीस भरायचा. कागदावर जी रक्कम देय तेवढी तो भरत गेला. जूनला काही भरायचंच नव्हतं, त्याने तो कागद तसाच फाइलला लावला.

लेखाजोखा

सापडले तुमचे पैसे.

जूनचं ३,४८० चं बिल तुम्ही वेगळं भरलंच नाही. १ जूनचे ४,२०० त्यात गेले आणि ७२० शिल्लक उरले, म्हणून निव्वळ देय उणे ७२०. जुलैच्या २,९६० मधून ते ७२० वजा झाले आणि तुम्ही २,२४० भरले. ३,४८० आणि ७२० मिळून बरोबर ४,२००. म्हणजे ती रक्कम ठेव म्हणून नोंदलीच गेली नाही. आगाऊ बिल भरणा म्हणून जमा झाली आणि दोन बिलांत संपली.

असं वारंवार होतं. अतिरिक्त ठेवीचं बिल वेगळं येतं आणि ते वेगळ्या शीर्षाखाली भरायचं असतं. भरणा केंद्रावर किंवा एखाद्या पैसे भरायच्या ॲपवर नुसता ग्राहक क्रमांक टाकून पैसे भरले की ते बिलाकडे जातात. यंत्रणेला रकमेमागचा हेतू कळत नाही, शीर्ष तेवढं कळतं. ओळखायची खूण सोपी आहे. ठेव भरल्यावर पुढच्या एक-दोन बिलांवर "सुरक्षा ठेव जमा" हा आकडा वाढायला हवा. तो जुनाच राहिला आणि बिल मात्र अचानक शून्य किंवा उणे आलं, तर पैसे चुकीच्या घरात गेले. तेव्हाच पावती दाखवून अर्ज दिला तर ते ठेवीत वळवून देतात.

तेव्हा ४,२०० चा परतावा मागायला आता आधार नाही, कारण तुम्ही त्याची वीज वापरलीत. परंतु १,१५० हा आकडाही पुरा नाही. त्यात व्याज नाही.

दादरकर

म्हणजे कंपनीची चूक आणि भुर्दंड ग्राहकाला?

लेखाजोखा

भुर्दंड नाही दादरकर, मुद्दल सरांना विजेच्या रूपाने पूर्ण मिळालं. हरवलं ते व्याज. ते किती होतं ते पाहू, म्हणजे भांडायचं किती हे ठरवता येईल.

रोख ठेवीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटने व्याज द्यायचं असा नियम आहे. रेपो दर निराळा, हा बँक रेट. फेब्रुवारी २०२३ पासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत तो ६.७५ टक्के होता, म्हणजे एप्रिल २०२३ पासून मीटर काढेपर्यंतचा तुमचा सगळा काळ त्यात बसतो.

पहिलं, २०२३-२४ चं पूर्ण वर्ष. ३,००० वर ६.७५ टक्क्यांनी २०२ रुपये ५० पैसे. हे वर्षातून एकदा बिलात वजा करतात, वेगळा धनादेश येत नाही. एप्रिल, मे किंवा जूनच्या २०२४ च्या बिलावर "सुरक्षा ठेवीवरील व्याज" अशी उणे ओळ असेल, पाहा.

दुसरं, १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर २०२४. हे दिवस भरतात २४४. ३,००० वरचं व्याज १३५ रुपयांच्या आसपास. हे अंतिम हिशेबात यायला हवं होतं. आणि ते मीटर काढल्याच्या तारखेला थांबत नाही. पैसे तुमच्याकडे रवाना होईपर्यंत चालू राहतं. जितके दिवस त्यांनी लावले तितके दिवस रोजचे पंचावन्न-छप्पन्न पैसे, फेब्रुवारी २०२५ मध्ये दर उतरला तिथून थोडे कमी. रक्कम छोटी आहे, पण मोठ्या ठेवीवर हाच नियम हजारांत जातो.

म्हणून परताव्याचा हिशेब असा. ३,००० ठेव, अधिक १३५ व्याज, वजा १,८५० अंतिम बिल. १,२८५ रुपये, अधिक डिसेंबरपासून पुढच्या दिवसांचं व्याज.

खडूफळा

मे २०२४ च्या बिलावर २०२.५० वजा झालेले दिसताहेत! आजवर मी ती ओळ कुठल्या तरी सवलतीची समजत होतो. ठेवीचा आकडा वर्षानुवर्षं ३,००० च दिसायचा, त्यामुळे व्याज मिळतच नाही असं वाटायचं.

लेखाजोखा

पुष्कळांना तसं वाटतं. व्याज ठेवीत मिसळत नाही, ते बिलातून वजा होतं. त्यामुळे ठेव वाढताना दिसत नाही.

अंतिम बिल १,८५० कसं आलं तेही तपासा. मीटर काढल्याच्या अहवालावर शेवटचं रीडिंग लिहिलेलं असतं. अंतिम बिलातलं चालू रीडिंग तेच आहे का? अनेकदा अहवाल यंत्रणेत भरायला उशीर होतो आणि तोवर एखादं सरासरीचं बिल निघून जातं, किंवा स्थिर आकार डिसेंबरचाही लागतो. ३० नोव्हेंबरनंतरचा एक पैसाही त्यात नको.

खडूफळा

रीडिंग जुळतंय. पण बिलाचा कालावधी १५ डिसेंबरपर्यंत दाखवलाय. मीटर तर ३० नोव्हेंबरला गेला.

लेखाजोखा

मग पंधरा दिवसांचा स्थिर आकार जास्त लागला असणार. अहवालाची प्रत लावून अंतिम बिल सुधारून मागा. आधी बिल दुरुस्त होऊ द्या, मग परतावा. क्रम उलटा झाला तर खातं बंद होतं आणि फरक मिळवायला पुन्हा सगळी वाट चालावी लागते.

भाडेकरू_सध्या

माझा प्रश्न थोडा वेगळा. मी भाड्याने राहतो, जोडणी मालकांच्या नावावर. दोन वर्षांपूर्वी अतिरिक्त ठेवीचं २,६०० चं बिल आलं, मालक म्हणाले तुम्ही वापरता तुम्ही भरा, म्हणून मी भरलं. माझ्या खात्यातून ऑनलाइन, ठेवीच्या शीर्षाखालीच. आता घर सोडतोय. मालक म्हणतात कंपनीकडून घ्या. कंपनी म्हणते ग्राहक मालक आहेत, त्यांनाच विचारा. हे पैसे कोणाचे?

लेखाजोखा

तुमच्या बाबतीत जोडणी बंद होत नाहीये, त्यामुळे कंपनी आता कोणालाच काही देणार नाही. ठेव जोडणीला लागून राहते. मालकांकडूनच घ्यावे लागतील.

कलम_दवात

मी वकिली करते, ग्राहक मंचात काही प्रकरणं चालवली आहेत. इथे लेखाजोखांशी थोडी असहमत आहे.

वीज कायद्याच्या ४७ व्या कलमात "ज्या व्यक्तीने ती सुरक्षा दिली" तिच्या मागणीवरून परत करायची, अशा अर्थाचे शब्द आहेत. पुरवठा संहितेतही ठेव भरणारा आणि ग्राहक निराळे असू शकतात हे गृहीत धरलंय. परतावा ठेव भरणाऱ्याला, आणि ग्राहक दुसरा असेल तर त्याला फक्त कळवायचं. त्यामुळे "ग्राहक मालक आहे" एवढंच उत्तर पुरेसं नाही. भाडेकरूच्या स्वतःच्या खात्यातून पैसे गेल्याचा पुरावा आहे.

लेखाजोखा

शब्द तसे आहेत हे खरं ताई. पण पावती निघते ग्राहकाच्या नावाने. खिडकीवर पैसे कोणी आणून दिले याची नोंद ठेवायला यंत्रणेत जागाच नाही. उद्या मालकाचा मुलगा, शेजारी, सोसायटीचा व्यवस्थापक, ज्याने कोणी जाऊन पैसे भरले तो प्रत्येक जण ठेवीदार ठरेल. मी कामावर असताना आम्ही ग्राहकाच्या संमतीशिवाय कधीच दुसऱ्याला दिले नाहीत.

कलम_दवात

प्रथा तशी आहे, मान्य. मी म्हणते ते एवढंच की ती प्रथा कायद्याच्या शब्दांशी जुळते का, हे मंचासमोर मांडण्याजोगं आहे. मात्र २,६०० साठी भाडेकरू_सध्या यांनी ते करावं का, हा वेगळा प्रश्न. त्यांनी आधी मालकांच्या अनामत रकमेच्या हिशेबात हे २,६०० लेखी मांडावेत, सोबत बँकेची नोंद द्यावी. भाडेकरारात वीज बिल भाडेकरूने भरायचं असं असतं. ठेव ही बिल नव्हे. ती मालकाच्या नावावर मालमत्ता म्हणून राहते, पुढच्या भाडेकरूच्या वेळीही तीच कामाला येते. या मुद्द्यावर मालकाला नाही म्हणणं अवघड जाईल.

भाडेकरू_सध्या

हे पटलं. आजच मालकांना लिहून पाठवतो. कायद्याचं मात्र तुमच्या दोघांचं एकमत झालं नाही!

दादरकर

आमच्याकडे आता स्मार्ट मीटर बसवताहेत. मग ठेव परत मिळणार का? आधी पैसे भरून वीज घ्यायची तर ठेव कशाला?

लेखाजोखा

प्रीपेड मीटरवर वीज घेणाऱ्याकडून ठेव मागता येत नाही, हे ४७ व्या कलमातच आहे. पण सध्या घरांना जे स्मार्ट मीटर बसताहेत ते पोस्टपेड पद्धतीने चालतात. बिल महिन्यानेच येतं, म्हणून ठेवही राहते. मीटर स्मार्ट झाला एवढ्यावरून ठेव परत मागता येणार नाही.

सरूमावशी

आणखी एक विचारते. मुलगा परदेशी गेला, घरात मी एकटी. वापर निम्म्यावर आला. ठेव जास्त झाली असेल तर परत मिळते का?

लेखाजोखा

मिळते मावशी. दर वर्षी हिशेब होतो तो दोन्ही बाजूंनी असतो. सरासरी घटली तर जास्तीची ठेव परत मागता येते, रोख नको असेल तर पुढच्या बिलात वळती करून घेता येते. मात्र मागावी लागते, अर्ज केल्याशिवाय आपोआप बहुधा होत नाही. आणि फरक किरकोळ असेल तर परत करायचं बंधन नाही. वापर घटून पूर्ण वर्ष होऊ द्या, तोवर जुनी मोठी बिलं सरासरीत धरली जातात. तुमच्या शून्य ठेवीचं आधी मार्गी लावा, नाहीतर दोन अर्ज एकमेकांत अडकतील.

पक्का_हिशेबी

लेखाजोखा सर, एक खरोखर विचारतो. परतावा देतच नाहीत, नुसतं "पुढच्या आठवड्यात या" चालू राहिलं तर पुढे काय?

कलम_दवात

याचं उत्तर मी देते. जोडणी बंद केल्यावर अंतिम रक्कम देण्याची मुदत आयोगाच्या कृती मानकांत, म्हणजे कुठलं काम किती दिवसांत व्हायला हवं या नियमांत, ठरलेली आहे. ती चुकली तर ग्राहकाला भरपाईचा हक्क आहे. पण मुदत मोजायला सुरुवात होते लेखी अर्जापासून. म्हणून पहिल्याच दिवशी अर्ज आवक-जावकला देऊन शिक्का आणि तारीख घ्या. सोबत मीटर काढल्याचा अहवाल, ठेवीच्या पावत्या किंवा ठेव छापलेलं शेवटचं बिल, आणि रद्द केलेला धनादेश. नाव ग्राहकाच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. "वर्गाच्या" नावाने जोडणी आणि बँक खातं व्यक्तीच्या नावाने, इथे बरेच परतावे अडकतात.

तरी झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच. तिथे वकील लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. मंचाच्या आदेशाने समाधान झालं नाही तर विद्युत लोकपाल.

खडूफळा सर, तुमच्या ४,२०० बद्दल मला अजून एक म्हणायचंय. तुम्ही ठेवीचा कागद दाखवला होता आणि भरणा केंद्राने तो बिलात भरला. ती रक्कम ठेवीत असती तर १ जून ते ३० नोव्हेंबरचं सुमारे १४२ रुपये व्याज मिळालं असतं. ते मागता येईल.

लेखाजोखा

मागता येईल, पण मिळेल असं मला वाटत नाही. तेच पैसे बिलात गेल्यामुळे जून-जुलैचे ४,२०० सरांना बँकेतून वेगळे काढावे लागले नाहीत. नुकसान दाखवायचं कसं? शिवाय केंद्रावर ठेवीचा कागद दाखवला याला पुरावा काय?

कलम_दवात

पावतीची तारीख आणि नेमकी ४,२०० ही रक्कम. त्या महिन्यात तेवढ्या रकमेचं दुसरं कुठलंही देणं नव्हतं. माझ्या मते हा चांगला पुरावा आहे. पण हे मंच कसं बघेल ते मंचावर.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज उपविभागात जाऊन आलो. ३० नोव्हेंबरचा अहवाल जोडून अंतिम बिल सुधारण्याचा अर्ज दिला, आणि त्याच अर्जात १ एप्रिलपासून परतावा रवाना होईपर्यंतचं व्याज मागितलं. शिक्का घेतला. १५ डिसेंबरपर्यंतचा स्थिर आकार लागल्याचं तिथल्या लेखापालांनी लगेच मान्य केलं, तो कमी करून नवीन अंतिम बिल काढतो म्हणाले. व्याजाचं मात्र "वरून विचारून सांगतो" असं उत्तर मिळालं.

१४२ रुपयांचा मुद्दा वेगळ्या अर्जात घातलाय, म्हणजे त्याच्यासाठी मुख्य परतावा अडू नये. लेखाजोखा सर, व्याज न देण्याबद्दल त्यांनी काही लेखी दिलं तर इथेच टाकतो.

लेखाजोखा

टाका. आणि सुधारित अंतिम बिल हातात आलं की त्यावरची "सुरक्षा ठेव" आणि "ठेवीवरील व्याज" या दोन ओळी आधी पाहा. व्याजाची ओळ असेल तर "वरून विचारायची" गरज उरलेली नाही.